काळजीच्या वाक्याची तालीम

माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा आवाज कमी पडला असं पुढं कुणी म्हणायला नको. आमच्या उत्तर नागपुरात घराला घर लागून, दारातच बाजार, आणि घरात आम्ही पाच भावंडं. हळू बोलणाऱ्याच्या ताटात भाजी पडायची नाही. शिवाय आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच दिवसापासून कुणापुढं मान खाली घालून उभं राहणं आमच्या घरात बंद झालं. त्यांची ती शिस्त मला लहानपणीच लागली होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून हॉस्पिटलनं ती मोडायचा उद्योग सुरू केला आणि बऱ्यापैकी तडीस नेला.

मी बायकांच्या सर्जरी वॉर्डात स्टाफ नर्स. आमच्याकडं सकाळच्या राउंडची एक रीत होती. पुढं मोठे सर, म्हणजे युनिटचे प्रमुख. त्यांच्या मागं रजिस्ट्रार, म्हणजे सर्जरी शिकणारा शेवटच्या वर्षाचा डॉक्टर. त्याच्या मागं हाऊसमन, म्हणजे नुकताच आलेला ज्युनिअर. मग शिकाऊ पोरं, आणि सगळ्यांच्या मागं सिस्टर, हातात फायली आणि कोपरावर घडी घातलेला स्वच्छ टॉवेल. पेशंट तपासून झाला की सर न बघता हात मागं करायचे, आणि टॉवेल त्या हातात पोचला पाहिजे. तो पोचला नाही तर अख्ख्या राउंडला कळायचं.

बोलणंसुद्धा त्याच रांगेनं पुढं जायचं. मी काही पाहिलं तर हाऊसमनला सांगायचं, त्यानं रजिस्ट्रारला, आणि रजिस्ट्रारनं सरांचा मूड बघून सरांना. मी सांगायची की बाईला रात्रभर ताप होता, पोट फुगलं आहे आणि लघवी कमी झाली आहे. सरांपर्यंत पोचायचं, "सर, थोडा ताप आहे." बाकीचं वाटेत कुठं सांडायचं देव जाणे. थेट सरांशी बोललं तर सर रागवायचे असंही नाही. ते माझ्याकडं बघायचेच नाहीत. रजिस्ट्रारकडं बघून विचारायचे, "काय म्हणतात या?" मी मराठीत बोलले होते आणि सरांची मातृभाषाही मराठीच, तरी मधे दुभाष्या लागायचा.

आणि बाप्पा, आम्ही नर्सा काही साध्या नव्हतो. मेट्रन मॅडम आम्हाला तेच करायच्या, आम्ही शिकाऊ पोरींना तेच करायचो, आणि पोरी आयाबाईला. वरून खाल्लेलं खाली वाढायचं, एवढं सगळ्यांना जमत होतं.

मग हॉस्पिटलला क्वालिटीचं सर्टिफिकेट हवं झालं. तपासणीवाले येणार आणि डॉक्टर-नर्स एकमेकांशी मोकळेपणानं बोलतात का ते बघणार, असं कळलं. त्यासाठी ट्रेनिंग झालं. वातानुकूलित हॉल, पडद्यावर चित्रं, आणि ताटात थंड समोसा. शिकवलं ते खरं तर चांगलं होतं, मी नाव ठेवणार नाही. धोका दिसला तर कुणीही, अगदी आयाबाईनंसुद्धा, बोलायचं. बोलायला तीन पायऱ्या. आधी म्हणायचं, "मला काळजी वाटते." नाही ऐकलं तर, "मला हे बरोबर वाटत नाही." तरी नाही ऐकलं तर, "थांबा, पेशंटला धोका आहे." हे तिसरं वाक्य आलं की समोर कितीही मोठा डॉक्टर असो, हातातलं काम थांबवायचं. विमान चालवणारे असंच करतात, म्हणे. मी घरी जाऊन आरशासमोर ती तीन वाक्यं म्हणून पाहिली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांनी तोंडाला परवानगी मिळाली होती.

आठवड्याभरात त्या वाक्यांचा पार चिवडा झाला. कँटीनमध्ये हाऊसमन पोह्याची प्लेट पुढं करून म्हणायचा, "मला काळजी वाटते, तर्री कमी आहे." दुसरा म्हणायचा, "थांबा, पेशंटला धोका आहे," आणि त्याच्या प्लेटमधला चमचा ओढायचा. सर ऑपरेशन थिएटरमध्ये चहा उशिरा आला की हेच म्हणायचे आणि सगळे मान मागं टाकून हसायचे. मीही एकदा हसले. सरांचा विनोद होता, हसावंच लागायचं.

तपासणीच्या आधी मेट्रन मॅडमनी तालीम बसवली. खिडकीजवळ पित्ताच्या खड्यांची एक आजी होती. तिच्याशी सर इंजेक्शनचं बोलतील, तेव्हा मी पुढं होऊन म्हणायचं की मला काळजी वाटते, आजीला पेनिसिलिन चालत नाही. सर म्हणणार, "थँक यू सिस्टर," आणि औषध बदलणार. मग तपासणीवाल्यांना तीनही पायऱ्या दिसाव्यात म्हणून मी पुढची दोन वाक्यंही म्हणून दाखवायची. आजीला खरोखरच पेनिसिलिन चालत नव्हतं आणि तिला ते कुणी देतही नव्हतं. या कामाला मला निवडलं, कारण माझा आवाज शेवटच्या खाटेपर्यंत जातो. तालमी इतक्या झाल्या की आजीच मला आठवण करून द्यायची, "आता तुह्यं वाक्य आहे नं वं?"

आजीच्या तीन खाटा अलीकडं कामठीची एक बाई होती. पन्नाशीची, काळीसावळी, दंडानं मजबूत. रोज शेअर ऑटोनं यायची आणि जरीपटक्याच्या बाजारात भाजी विकायची. गळ्याला मोठी गाठ, थायरॉईडची, आडवं झालं की श्वास अडायचा, म्हणून ऑपरेशन. रजिस्ट्रारनं तिला नीट बसून समजावलं होतं की गाठीच्या अगदी बाजूनं आवाजाची नस जाते, तिला धक्का बसला तर आवाज बसू शकतो. बाईला मरणाचं काही वाटत नव्हतं. आवाजाचं ऐकून मात्र तिचा चेहरा उतरला. आवाज गेला म्हणजे आपलं दुकानच गेलं, असं ती मला म्हणाली. पोरीचं लग्न व्हायचं होतं, नवरा कधीचाच वारला होता, आणि तिच्या शेजारी बसणारा भाजीवाला चांगला भोंगा लावून बसायचा.

मला ती फार आवडायची. माझा आवाज ऐकून म्हणायची, "सिस्टर, तुम्ही माह्या बाजूले येऊन बसा पालक विकायले, इथं तुमचा गळा वाया चालला." वॉर्डातल्या बायका हसायच्या. मी लटकी रागवायची.

ऑपरेशन चांगलं झालं. संध्याकाळी ती पुरती शुद्धीवर आल्यावर रजिस्ट्रारनं तिला बोलायला सांगितलं. हा महाल भागातल्या जुन्या कारकुनी घराण्यातला मुलगा, मऊ बोलणारा, कुणाला दुखवायचं नाही असा. तिनं इकडं तिकडं बघितलं, थुंकी गिळली आणि हळूच, पण बाजारात कोथिंबीर विकायच्या चालीवर म्हणाली, "सांभार घ्या, सांभार, ताजा सांभार." आवाज जागेवर होता. तिची पोरगी पायाशी उभी होती, ती रडायलाच लागली. रजिस्ट्रारही कानापर्यंत हसला. त्या दिवशी घरी जाताना मी बाजारातून सांभार घेतला, घरी होता तरी.

तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी. मी ड्युटीवर आले तेव्हा वॉर्ड ओळखू येत नव्हता. नवीन चादरी, पायपुसणी, टेबलावर फुलं. नातेवाइकांना बाहेर काढलेलं. आम्हाला खिसे रिकामे करायला लावले, कारण खिशातल्या कात्र्या आणि चिकटपट्ट्या बऱ्या दिसत नाहीत. ड्रेसिंगचं सामान कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मेट्रन मॅडमच्या कमरेला.

कामठीची बाई उठून बसली होती. झोपायला तयार नव्हती. मी विचारलं तर मानेवरून हात फिरवला आणि जड वाटतं म्हणाली. आवाज जाडा झालेला, तोंडात गरम घास धरून बोलावं तसा. थुंकी गिळता येत नव्हती, रुमालात टाकत होती. नाडी भराभर चाललेली. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र ठीक आकडा दाखवत होतं, पण गळ्याच्या दुखण्यात ते यंत्र सगळ्यात शेवटी घाबरतं. जखमेतलं रक्त बाहेर यावं म्हणून नळी आणि बाटली लावलेली असते. त्या बाटलीत पहाटेपासून थेंब वाढला नव्हता. रक्त थांबलं तरी बाटली अशीच राहते, आणि नळी गुठळीनं बंद होऊन रक्त आतच साठत असलं तरीही अशीच राहते. म्हणून बाटलीकडं नाही, माणसाकडं बघायचं असतं. पट्टीच्या कडेनं बोट घातलं तर मान टणक लागली.

सर्जरीच्या वॉर्डात काम करणाऱ्या कुठल्याही नर्सला हे कळतं, कुठल्याही डॉक्टरला कळतं. त्यात माझी काही हुशारी नाही. आत रक्त साठत गेलं की श्वासाची वाट आवळत जाते. टाके तिथंच, खाटेवरच उघडायचे, रक्त मोकळं करायचं, आणि मग थिएटरकडं पळायचं. एवढंच आहे ते.

मी हाऊसमनकडं गेले. तो आरशात टाय सारखा करत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला की बाटली तर छान आहे, रक्त थांबलेलं दिसतं. मी म्हटलं, मान टणक आहे, चल आणि हात लावून बघ. तो हसला.

"राउंडमध्ये सांगा ना सिस्टर. आज तर तुमचाच दिवस आहे."

रजिस्ट्रारला फोन केला. तो सरांसोबत खाली पाहुण्यांना घ्यायला गेला होता, आणि त्या दिवशी सगळ्यांचे फोन बंद ठेवायचा हुकूम होता. मेट्रन मॅडमना गाठलं तर त्या दारात गुच्छ घेऊन उभ्या. दोन मिनिटांत सर स्वतः वर येताहेत, तेच बघतील, तू जागेवर जा, असं त्या ओठ न हलवता बोलल्या. तोवर लिफ्टचं दार उघडलंच. मनात म्हटलं, बरं झालं, सरच येताहेत. बोलायची परवानगी आहे, वाक्य आहे, सगळं युनिट समोर आहे. याच्यापेक्षा चांगली वेळ कोणती.

राउंड सुरू झाली. त्या दिवशी मी मागं नव्हते, सरांच्या शेजारी होते, तसं ठरलंच होतं. कोपरावर टॉवेलही नव्हता. तपासणीवाले दोघं, एक बाई आणि एक गृहस्थ, गळ्यात ओळखपत्रं. हॉस्पिटलचा फोटोवाला बाजूनं चालत होता. कामठीच्या बाईच्या खाटेपाशी आलो. सरांनी हसून विचारलं, कसं वाटतं. तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि हात जोडले. खरं सांगते, अजून राग येतो मला त्या जोडलेल्या हातांचा. श्वास लागला होता तिला, पण मोठ्या डॉक्टरनं विचारलं तर बरंच आहे म्हणायचं, ही शिस्त तिलाही कुणीतरी लावलेली होती. आम्हा सगळ्यांसारखीच ती रांगेत उभी होती, फक्त सगळ्यात शेवटी.

मी म्हटलं, "सर, मला काळजी वाटते."

सर क्षणभर थबकले. खिडकीजवळची आजी अजून तीन खाटा पुढं होती. मी गडबडले, चुकीच्या खाटेपाशी वाक्य म्हणून बसले, असं त्यांना वाटलं. आणि पाहुण्यांसमोर माझी फजिती होऊ नये म्हणून त्यांनी मला सांभाळून घेतलं. सर खरंच सभ्य वागले. छान मान झुकवून म्हणाले, "थँक यू सिस्टर. नोट केलंय." तपासणीवाल्या बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं.

मी म्हटलं की मान टणक झाली आहे, थुंकी गिळता येत नाही, मला हे बरोबर वाटत नाही. सरांनी तपासणीवाल्यांकडं वळून इंग्रजीत समजावलं की ही दुसरी पायरी. ते गृहस्थ कौतुकानं मान हलवायला लागले. मेट्रन मॅडमनी डोळे वटारले. मी हात लांब करून बाईच्या गळ्याकडं बोट केलं आणि माझ्या बापजन्मी ओरडले नव्हते तेवढ्यानं ओरडले.

"थांबा, पेशंटला धोका आहे."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. आधी ते गृहस्थ, मग सर, मग सगळी रांग. फोटोवाल्यानं फ्लॅश मारला. पलीकडच्या खाटांवरच्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या, तालमी पाहून पाहून त्यांना कुठं काय करायचं ते पाठ झालं होतं. आणि मग सर पुढं निघाले. माझ्याजवळून जाताना हळूच, अगदी मायेनं म्हणाले, "बाई, ती खिडकीजवळची होती."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी रजिस्ट्रारची बाही धरली. त्यानं बाईच्या मानेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तिकडून सरांनी बोट वाकवून त्याला बोलावलं, आजीची केस त्यालाच सांगायची होती. त्याची परीक्षा तोंडावर आलेली, प्रबंधावर सरांची सही बाकी. "एक मिनिट," असं मला म्हणून तो गेला. पाय तिकडं आणि मान इकडं वळलेली, असा गेला.

आजीच्या खाटेपाशी माझं वाक्य म्हणायला मी नव्हते, म्हणून ते मेट्रन मॅडमनी म्हटलं. तिकडं त्यांचं "मला काळजी वाटते" चाललेलं, आणि इकडं मी पट्टी ओरबाडून काढली. आत मान तटतटून फुगलेली, कातडी चकाकत होती. बाईनं माझं मनगट धरलं. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी ऑक्सिजन लावला, टाके कापायला खिशात हात घातला, आणि खिसा रिकामा.

मग मी कुणाची वाक्यं म्हटली नाहीत. शिवी दिली. रजिस्ट्रारला आईवरून दिली, अख्ख्या वॉर्डासमोर, पाहुण्यांसमोर. त्या शिवीनं मात्र सगळे वळले.

रजिस्ट्रार धावत आला. त्यानं बघताक्षणी कात्री मागितली. कात्री कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कमरेच्या जुडग्यात, आणि मॅडमना त्यातली नेमकी किल्ली सापडेना. बाईची पकड माझ्या मनगटावरून सुटली. कुणीतरी शेवटी शेजारच्या वॉर्डातून ब्लेड आणलं. त्यानं टाके उघडले, आतला थर उघडला, काळ्या गुठळ्या हातानं बाहेर काढल्या. सर कोट काढून त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसले होते. हे मी सांगितलं पाहिजे, सरांचे हात सोन्याचे आहेत. पण आत सगळं सुजलेलं, भूल देणाऱ्या डॉक्टरला श्वासनळीत नळी घालायला जड गेलं. मधे थांबलेलं हृदय परत चालू झालं. मेंदू नाही झाला. आयसीयूत मशिनवर राहिली काही दिवस, आणि गेली.

बाहेर पोरीला सांगितलं की अचानक रक्तस्राव झाला, ऑपरेशनचा हा धोका असतोच, तुमची सही आहे. सगळं खरं होतं.

सर्टिफिकेट मिळालं. तपासणीवाल्यांनी तर लिहिलं म्हणे, की अचानक उद्भवलेल्या प्रसंगातही टीमनं एकमेकांना साथ दिली. चौकशी आमची आमच्यात झाली. मला विचारलं की ठरलेलं वाक्य ठरलेली खाट सोडून दुसरीकडं का म्हटलं, आणि त्यामुळं गोंधळ झाला हे मला मान्य आहे का. मी म्हटलं की पेशंट जिथं मरत होती तिथं म्हटलं. मेट्रन मॅडम माझ्या भाषेवर बोलल्या, शिवी कशी दिली यावर. चौकशीत सगळ्यात जास्त वेळ त्या शिवीवर गेला.

सर शेवटी बोलले. ते खोटं बोलले नाहीत, हेच वाईट. "तिनं तालमीतलंच वाक्य म्हटलं, तसंच्या तसं," ते म्हणाले. "मी कसं ओळखायचं?" मला समज देऊन सोडलं आणि वर्षभर ओपीडीत टाकलं, नंबर पुकारायला. आवाज मोठा आहे ना.

रजिस्ट्रार एकदा कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. मग म्हणाला, "मी मान पाहिली होती, सिस्टर." मी त्याला काही बरं वाटेल असं बोलले नाही. बोलायची इच्छाच नव्हती. उठून आले.

पण तो पोरगा वाया गेला नाही. पास होऊन तिथंच लेक्चरर झाला, आणि मला परत वॉर्डात मागून घेतलं. आम्ही दोघांनी मिळून ती तीन वाक्यं आमच्या वॉर्डापुरती बाद केली. आता तिथं काळजी वाटते असं कुणी म्हणत नाही. जे दिसतं ते सांगायचं. मान टणक आहे, थुंकी गिळत नाही, आत्ता हात लावून बघा. आणि ऐकणाऱ्यानं, तो कुणीही असो, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, सांगणाऱ्यानं हो म्हणेपर्यंत. मग पेशंटला हात लावायचा, त्याशिवाय पुढची खाट नाही. गळ्याच्या ऑपरेशनच्या खाटेला कात्री आणि टाके कापायचं ब्लेड बांधलेलं असतं, कुलपाबिलपाचं काम नाही. आणि ते कुणी वापरायचं, नर्सनंसुद्धा कसं वापरायचं, ते शिकवून ठेवलं आहे. सर सुरुवातीला कुरकुरले, परत म्हणायला मी काय शाळेत आहे का, असं. नंतर म्हणायला लागले. एकदा एका मुलीची मान अशीच फुगली. सिस्टरनं सांगितलं, हाऊसमननं परत म्हटलं, हात लावला, टाके उघडले, आणि ती पोरगी घरी चालत गेली. आता सर परिषदांमध्ये ही पद्धत स्वतःची म्हणून सांगतात. सांगू देत. माझं त्यावाचून अडत नाही.

अडतं ते दुसरीकडंच. त्या दिवशीचा तो फोटो हॉस्पिटलला फार आवडला. त्याचं मोठं पोस्टर केलं आणि ओपीडीच्या व्हरांड्यात लावलं, "बोला, इथे ऐकले जाते" असं लिहून. मी हात लांब करून तोंड उघडलेली, सर हसताना, सगळे टाळ्या वाजवताना, आणि माझ्या बोटाच्या टोकाशी, जरा पुसट, खाटेवर बसलेली बाई, गळ्याला हात लावून. काढा म्हणून मी सांगून पाहिलं. छपाईचा खर्च झालाय, आणि पेशंट काही ओळखू येत नाही, असं उत्तर आलं.

मागच्या उन्हाळ्यात त्या व्हरांड्यातून जाताना मी एका तरुण बाईला पोस्टरसमोर उभी पाहिली. शेजारणीला डॉक्टरांकडं घेऊन आली होती, हातात नंबराची चिठ्ठी. मी ओळखलं नाही, तिनंच मला ओळखलं, आधी भिंतीवर बघून आणि मग माझ्याकडं बघून. आईच्या जागेवर आता तीच बसते, जरीपटक्याला.

"माही माय आहे ही," ती म्हणाली. "तुम्ही तिच्याकडं बोट करून काय म्हणून राहिल्या?"

"थांबा म्हणून राहिली होती."

ती परत फोटोकडं वळली. एकेक चेहरा नीट पाहिला.

"मग हे टाळ्या काहून वाजवून राहिले?"

मला मेट्रननं विचारलं होतं, कमिटीनं विचारलं होतं, पण हे असं कुणी विचारलं नव्हतं. मी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. तालीम, आजीची खाट, बाटली, जोडलेले हात, किल्ली. शिवीसुद्धा सांगितली. माझं झाल्यावर माझ्याकडं वळून, एकेक शब्द लावत, तिनं ते परत म्हणून दाखवलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही तीनदा सांगतलं. त्याईनं तीनदा ऐकलं. आन् टाळ्या वाजवून पुढं गेले." माझ्या मनगटावर तिनं हात ठेवला. "बरोबर ऐकलं नं मी?"

"हौ," मी म्हटलं. "बरोबर ऐकलं."